हे पाणी कुठून आलं?

कपड्यांना घालायची नीळ पाहिली की मला अजूनही मळमळतं. घरात ही गोष्ट हसण्यावारी नेतात. बायको म्हणते, मास्तर माणसानं पांढरे शर्ट वापरायचे आणि निळीला नाक मुरडायचं, असं कसं चालेल. मी तिला काही समजावत बसत नाही. तिनं ती काचेची टाकी पाहिलेली नाही. त्यातलं निळं पाणी वर चढताना मी पाहिलंय, आणि पडद्यामागून ते कोण सोडत होतं तेही पाहिलंय.

मी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि राहतो नगरला. जिल्ह्याचं नाव बदलून झालं, पाट्या बदलून झाल्या, तरी सकाळच्या एसटीचा कंडक्टर अजून नगर म्हणूनच ओरडतो आणि मीही नगरचाच राहिलोय. आमच्या भागात समुद्र नाही. सहल कोकणात गेली तर पोरं पहिल्यांदा समुद्र बघतात, पाणी तोंडात घेऊन थुंकतात आणि परत येऊन खारट होतं एवढंच सांगतात. म्हणून बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी समुद्राची पातळी वाढण्याचं गणित घालतो तेव्हा वर्गात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. आपल्याला काय, सर, आपण वर आहोत. ते खरंच आहे. आपण समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर वर आहोत. पण उंचावर बसलेल्या माणसाला खालचं गणित येऊ नये असा काही नियम नाही.

गणित साधं आहे, आणि मला ते फार आवडतं. अंदाज करायला शिकवणारं गणित आहे ते, त्यात पुस्तकातलं नेमकं उत्तर नाही. समुद्र वर येतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एक म्हणजे पाणी तापलं की फुगतं. दुसरं म्हणजे जमिनीवर साठलेला बर्फ वितळून समुद्रात येतो. पहिल्यासाठी मी पोरांना सांगतो की समुद्राचा वरचा सातशे मीटरचा थर धरा आणि तो अर्ध्या अंशानं तापला असं माना. समुद्राचं पाणी एका अंशाला साधारण दहा हजारात दोन भाग फुगतं. बाजूला पसरायला फारशी जागा नाही, म्हणजे फुगवटा उंचीतच जाणार. सातशेचे दहा हजारात दोन भाग म्हणजे चौदा सेंटिमीटर, त्याचं अर्धं सात. दुसऱ्यासाठी ग्रीनलँडचा बर्फ धरायचा. तो सगळा मिळून एकोणतीस लाख घन किलोमीटरच्या आसपास आहे. त्याचा शंभरावा भाग वितळला असं समजा. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून त्याचं पाणी थोडं कमी होतं, सव्वीस हजार घन किलोमीटर धरा. ते छत्तीस कोटी चौरस किलोमीटर समुद्रावर सारखं पसरा. पुन्हा सात सेंटिमीटरच्या आसपास येतं. दोन्ही मिळून चौदा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. हे भाकीत नाही, हेही मी सांगतो. एवढं तापलं आणि एवढं वितळलं तर काय होईल, इतकंच ते सांगतं.

वीतभर म्हटल्यावर पोरं हसतात. मग मी त्यांना सांगतो की सपाट किनाऱ्यावर पाणी वीतभर चढलं तर ते आत किती लांब शिरतं ते आपल्या शेततळ्याच्या उतारावर बघून या. काही जण खरंच बघून येतात.

आमच्या चर्चमध्ये एका रविवारी तरुणांपुढे हेच बोललो होतो. नंतर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले आणि पृथ्वी पुन्हा पाण्यानं बुडवणार नाही असं देवाचं वचन आहे, याची मला आठवण करून दिली. मी म्हटलं, देवानं त्याच्या बाजूनं वचन दिलंय, आपल्या बाजूनं कोणी दिलेलं नाही. त्यांना राग आला, पण पुढच्या रविवारी ते ग्लासात पाणी आणि बर्फ घेऊन बघितल्याचं सांगत होते. मला तो माणूस आवडला. बघितलं तरी त्यानं.

कॉलेजात कोणी बघत नाही. कॉलेजात आधी उत्तर लागतं. मी फळ्यावर आकडे लिहून होईपर्यंत मागच्या बाकावरून आवाज येतो, सर, किती आलं पाहिजे? आमच्या प्रयोगशाळेत याला रीडिंग बसवणं म्हणतात. गुरुत्वाचं उत्तर नऊशे ऐंशी यायला हवं, मग लंबक कितीही वेडावाकडा हलो, आकडे मागून पुढे येत नऊशे ऐंशीवर बसवले जातात. थोरल्या वर्गाचे आकडे धाकट्या वर्गाला मिळतात. जी स्प्रिंग तुटून कधीच भंगारात गेलीय, तिची रीडिंग अजून दरवर्षी नवी येतात. आणि आम्ही मास्तर लोक ती बघून बरोबरची खूण करतो. मला या बसवण्याचा वीट आलाय. पोरांचा राग येत नाही, त्यांना आम्हीच शिकवलंय. राग येतो तो आमच्या विभागप्रमुखांसारख्या माणसांचा. ते या बसवण्यात इतके तरबेज आहेत की त्यांना आपण काही बसवतोय हेच आता कळत नाही.

विभागप्रमुख वाईट स्वभावाचे नाहीत. हसतमुख आहेत, कोणाच्या घरी दुखणं असलं तर धावून जातात. म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड. वाईट माणसाशी भांडलं की निदान झोप तरी लागते.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. खर्ड्याच्या बाजूची. आईबाप ऊसतोडीला जाणारे, हंगामात टोळीबरोबर काष्टीच्या आसपास फडावर राहायचे. तिला त्यांनी कॉलेजच्या वसतिगृहात ठेवलं होतं. वर्गात ती तोंड उघडायची नाही, पण गणित घातलं की किती आलं पाहिजे हे तिनं कधीच विचारलं नाही. मी दिलेला समुद्राचा छत्तीस कोटीचा आकडासुद्धा तिनं तसाच घेतला नाही. पृथ्वीची त्रिज्या घेतली, गोलाचं क्षेत्रफळ काढलं, त्यातला पाण्याचा भाग धरला आणि छत्तीस कोटी आल्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलं, सर बरोबर हायेत. मला हसू आलं. इतक्या वर्षांत मला कोणी तपासून पास केलं नव्हतं.

दोन्ही उत्तरं सात-सात आलेली बघून तिला संशय आला. मी आकडे मुद्दाम तसे निवडले की काय, असं तिनं विचारलं. मी कबूल केलं, लक्षात राहावं म्हणून निवडले. मग म्हणाली, मंग सगळा समुद्र तापला तर? वर्गातले बहुतेक जण हीच चूक करतात. समुद्राची पूर्ण खोली घेतात, पावणेचार किलोमीटर, आणि सगळं पाणी एकसारखं तापलं असं धरून मोठं उत्तर आणतात. तिनं चूक न करता प्रश्न विचारला. मी सांगितलं की उष्णता वरून खाली जायला फार वेळ लागतो, आणि तळाचं पाणी थंड असतं, थंड पाणी तापताना फुगतंही कमी. तिनं मान हलवली आणि पुढचा प्रश्न काढला. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला तर?

तो मोजायचा नाही, मी म्हटलं. तरंगणाऱ्या बर्फानं आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारलेलं असतं. वितळून तो तेवढीच जागा भरतो. समुद्राचं पाणी खारं आणि बर्फ गोडा, त्यामुळे अगदी किंचित फरक पडतो, पण आपल्या अंदाजात तो दिसणारसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ती सांगायला आली की वसतिगृहाच्या खालच्या रसवंतीतून बर्फ घेऊन तिनं स्टीलच्या तांब्यात बघितलं, काठोकाठ पाणी होतं, बर्फ वर डोकं काढून होता, आणि वितळला तरी थेंब सांडला नाही. हे सांगताना तिचा चेहरा असा होता की मला माझ्या नोकरीची लाज वाटेनाशी झाली. असे दिवस वर्षात फार येत नाहीत.

त्याच सुमारास पुण्याच्या एका संशोधन संस्थेकडून कळलं की उन्हाळ्यात समुद्र आणि हवामानावर त्यांचं एक शिबिर आहे. राहणं, जेवण सगळं त्यांचं. आमच्यासारख्या कॉलेजांतून प्रत्येकी एकाच विद्यार्थ्याचा अर्ज घेणार होते, विभागप्रमुखांच्या सहीनं, आणि सोबत पाच मिनिटांचा व्हिडिओ मागितला होता. एक साधा प्रयोग दाखवायचा आणि त्यावरून एक अंदाज करून दाखवायचा, इतकंच. मी तिचं नाव सुचवलं. विभागप्रमुखांनी लगेच मान डोलावली, आमची मुलगी जाणार म्हणून खूश झाले. मुलीनं घरी फोन केला. आईनं एवढंच विचारलं म्हणे की तिथं गेल्यावर पुढं शिकायला मिळंल का. मी सांगितलं, मिळेल, तिथल्या लोकांनी एकदा तुला पाहिलं की पुढच्या वाटा दिसतील. ते मी मनापासून सांगितलं होतं. तिच्यासाठी उसाच्या फडाखेरीज दुसरीकडे उघडणारं ते एकच दार होतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

तिनं दोन प्रयोग बसवले. बसवले म्हणजे खरे बसवले, आमच्या अर्थानं नव्हे. एक काचेचा चंबू रंगीत पाण्यानं गच्च भरला, बुचातून बारीक काचेची नळी वर काढली आणि चंबू कोमट पाण्यात ठेवला. आधी नळीतलं पाणी जरा खाली जातं, कारण काच आधी तापते आणि चंबूच थोडा मोठा होतो, आणि मग ते वर चढू लागतं. तो आधीचा उतारसुद्धा तिनं टिपला होता. दुसऱ्या प्रयोगात दोन सारख्या अरुंद बरण्या. एकीत बर्फ पाण्यावर तरंगता, दुसरीत पाण्याबाहेर डोकं काढलेल्या दगडावर ठेवलेला. वितळल्यावर पहिलीची खूण होती तिथंच, दुसरीची चांगली बोटभर वर. इतकं स्वच्छ की शाळेतल्या पोरालाही कळावं.

विभागप्रमुखांना ते बघून वाईट वाटलं. म्हणजे खरंच वाईट वाटलं, त्यांचा चेहरा पडला. पुण्याचे लोक काय म्हणतील, म्हणाले, हे फारच साधं दिसतंय. बरण्या लोणच्याच्या वाटतात. समुद्र कुठे आहे यात? त्यांनी प्राणिशास्त्र विभागातून माशांची मोठी काचेची टाकी आणवली. थर्माकोलच्या इमारती कापून मुंबई केली, समुद्राकाठचे दिवेसुद्धा लावले. टाकीत पाणी ओतून त्यात नीळ कालवली आणि वर बर्फाचे मोठे तुकडे सोडले. आता बर्फ वितळेल आणि मुंबई बुडेल, हा दृश्याचा शेवट.

बर्फ वितळला. पाणी तसूभर हललं नाही. ते हलायचं नव्हतंच. मी आधीच सांगितलं होतं. विभागप्रमुखांनी टाकीकडे असं पाहिलं, जणू तिनंच त्यांना दगा दिला होता. मुलीनं हळूच सुचवलं की बर्फ दगडावर ठेवू, मग पाणी वाढंल. ठेवून बघितला. पाणी वाढलंही, पण टाकी रुंद, बर्फ थोडा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढलं. मोबाईलवर ते दिसेना. अरुंद बरणी घ्या मग, मी म्हटलं. बरणीत मुंबई मावत नाही, असं उत्तर मिळालं. मी हे अजून कोणाला सांगितलं तर त्यांना विनोद वाटतो. पण ते पूर्ण गंभीरपणे बोलत होते.

मग त्यांना युक्ती सुचली. टाकीमागं पडदा लावला. पडद्याआड स्टँडवर सलाइनची बाटली टांगली, तीत निळीचं पाणी भरलं आणि तिची नळी टाकीच्या मागच्या काठावरून आत सोडली. प्रयोगशाळेतला परिचर, म्हणजे आमचा चांगला वयस्कर शिपाई, पडद्यामागं बसला. बोटाशी नळीची चकती. इशारा झाला की सोडायचं, इशारा झाला की बंद. मी त्याला विचारलं, तुम्हाला हे पटतंय का? तो म्हणाला, सायबानी सांगितलं, आपन सोडायचं. पटायचं काय त्यात. मला त्याचा राग आला नाही. त्याला निदान आपण नळी सोडतोय हे माहीत होतं.

पहिल्या खेपेला पाणी वाढलं आणि मुंबई बुडायच्या ऐवजी सुटून वर आली. थर्माकोलच तो, तरंगणारच. इमारती निळ्या पाण्यावर बर्फाच्या तुकड्यांना धडका देत फिरू लागल्या, आणि दोन्ही एकाच कारणानं तरंगत होते हे त्या खोलीत मुलीच्या आणि माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही. विभागप्रमुखांनी नुसतं म्हटलं, खिळे ठोका. मुंबईला खालून फळीवर खिळ्यांनी ठोकलं, फळीवर दगड ठेवले. दुसऱ्या खेपेला ती नीट बुडाली.

आता मुलीनं बोलायचं होतं. विभागप्रमुखांनी वाक्य लिहून दिलं होतं. समुद्रावरचा बर्फ वितळल्यामुळे पाण्याची पातळी कशी झपाट्यानं वाढते ते आपण या प्रयोगात पाहू शकतो. ती टाकीजवळ उभी राहिली. मोबाईल स्टँडवर लावला. विभागप्रमुखांनी हात वर केला, पडद्यामागं चकती सुटली, निळं पाणी चढू लागलं. मुलगी गप्प. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाणी उपसा, पुन्हा बर्फ, पुन्हा हात वर. मुलगी पुन्हा गप्प. विभागप्रमुखांना वाटलं ती बावरली. प्रेमानं म्हणाले, घाबरू नकोस बाळ, पाठ झालंय ना?

ती म्हणाली, "सर, पाठ झालंय. पन ह्ये पानी कुटून आलं म्हनू?"

विभागप्रमुख हसले. तिथं कोणी असं विचारत नाही, म्हणाले. त्यांना फक्त सादरीकरण बघायचं असतं. मी मध्ये पडलो. मी सांगितलं की हा व्हिडिओ समुद्राचाच अभ्यास करणाऱ्या लोकांकडे जाणार आहे. तरंगत्या बर्फानं पाणी वाढलेलं बघून ते काय समजतील? ते म्हणाले, तुम्ही नेहमी नकारात्मक बोलता, सर. मुलगी पुढं जावी असं तुम्हाला वाटत नाही का? हे वाक्य त्यांनी पोरीसमोर म्हटलं. आजही ते आठवलं की हाताच्या मुठी वळतात. तिच्या भल्याचा ठेका घेतल्यासारखं ते बोलत होते, आणि तिचं भलं त्यांच्याच हातून त्या निळ्या टाकीत बुडत होतं.

मग ती वाक्यात एक शब्द घालू का असं विचारू लागली. जमिनीवरचा बर्फ म्हणते, आणि बर्फ दगडावर ठेवते, मग खोटं होणार नाही. विभागप्रमुख विचारात पडले, मला क्षणभर आशा वाटली. पण पाणी इतकं कसं वाढेल, नळी सोडावीच लागेल, असं म्हणून त्यांनी मान हलवली. ती म्हणाली, "मंग न्हाई, सर. मला न्हाई जमायचं."

ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला आधी वाटलं ती पाणी उपसून दमली असेल. तिला पुढचं सगळं दिसत होतं, अर्ज, शिबिर, आईचा तो प्रश्न, आणि ती बाजूला होऊन निळे हात धुवायला गेली. विभागप्रमुखांनी दुसऱ्या वर्गातल्या एका मुलाला बोलावलं. चांगला मुलगा, वक्तृत्वाची बक्षिसं मिळवणारा, त्याला या विषयातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं वाक्य एका दमात म्हटलं, शेवटी हात जोडले. एका खेपेत काम झालं.

मी प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हा विभागाचा अंतर्गत विषय असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, निदान अर्ज मुलीच्या नावानं तिच्या बरण्यांसह जाऊ द्या. सही विभागप्रमुखांची लागते, ते म्हणाले, आणि घड्याळाकडे बघितलं. मी विभागप्रमुखांना पुन्हा सांगून पाहिलं. त्यांनी मला चहा पाजला. अर्ज मुलाच्या नावानं गेला. व्हिडिओला त्यांनी घरी बसून लाटांचा आवाज जोडला होता, तो मला मोठ्या कौतुकानं दाखवला. मी पाहिला. मुंबई बुडताना दिवे लागलेलेच होते.

उसाचा हंगाम संपत आला होता तेव्हा विभागात फोन वाजला. विभागप्रमुख तासावर होते, म्हणून मी घेतला. पुण्याहून एक बाई बोलत होत्या, शिबिराचं काम बघणाऱ्या. आवाज सौम्य, मराठी स्वच्छ. व्हिडिओ पाहिला, म्हणाल्या, मेहनत दिसते. पण एक शंका आहे.

"सर, बर्फ तर तरंगतोय. मग हे पाणी कुठून आलं?"

मी म्हटलं, "सलाइनमधून."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आम्हाला तसंच काही वाटलं होतं. मग हळू आवाजात सांगितलं की या कॉलेजचा अर्ज घेता येणार नाही. मी घाईघाईनं आमच्या त्या मुलीचं सांगू लागलो. दोन अरुंद बरण्या, चंबूतलं पाणी आधी उतरतं ते तिनं टिपलेलं, समुद्राचं क्षेत्रफळ तिनं स्वतः काढलेलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. अशीच मुलगी हवी होती, असं म्हणाल्या. पण मुदत गेली होती, एका कॉलेजचा एकच अर्ज, आणि ती जागा त्यांनी आदल्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजला दिली होती. फोन ठेवताना त्यांनी पुढच्या वर्षी नक्की पाठवा असं सांगितलं. ती शेवटच्या वर्षाला आहे हे मी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं.

विभागप्रमुखांना निरोप दिला. ते मनापासून हळहळले. मग सुस्कारा टाकून म्हणाले की हे असंच असतं, सर, आपल्या ग्रामीण भागातल्या मुलांना ही मोठी लोकं घेतच नाहीत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यात लबाडी शोधत होतो, म्हणजे निदान तिरस्कार करायला सोपं गेलं असतं. लबाडी नव्हती. त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यांच्या हिशेबात रीडिंग पुन्हा नीट बसलं होतं. त्या दिवशी मला जी शिसारी आली तशी आयुष्यात क्वचित आली असेल. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

तिला सांगणं माझ्यावर आलं. काष्टीच्या पुढं रस्त्याकडेला टोळीचा मुक्काम होता, परीक्षा झाल्यावर ती आईबापांकडे गेली होती. उभ्या फडाची शेवटची तोड चालू होती, ट्रॅक्टर भरत होता. ती मोळ्या बांधत होती. मला बघून पाचटानं हात पुसले आणि आईला हाक मारून सांगितलं, माजे सर आले. आईनं पाण्याचा तांब्या दिला. मी जे घडलं ते सगळं सांगितलं. मुलाचा अर्ज घेतला नाही, आता आपल्यातलं कोणीच जाणार नाही, जागा दुसऱ्यांना मिळाली. तिचं पुढं जे व्हायला हवं होतं ते काहीच होणार नाही, हेही तिच्या लक्षात आलं असणार. आईला काही समजलं नव्हतं, ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

मुलीनं एवढंच विचारलं की बाईंनी फोनवर नेमकं काय विचारलं. मी सांगितलं, हे पाणी कुठून आलं, असं विचारलं.

तिनं माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडावर हसू आलं, रसवंतीचा बर्फ तांब्यात घालून बघितल्यावर आलं होतं तसंच.

"म्हंजी तितं इचारत्यात, सर," ती म्हणाली. आणि आईनं हाक मारली म्हणून मोळी उचलायला गेली.